ट्रक उभेच होते, तरी शेअर का पडला?

नमस्कार मंडळी. डिचोलीच्या बाजारात मागे एकाने मला विचारलं, "कंपनी तीच, माणसं तीच, मग काल दोनशेचा शेअर आज एकशे ऐंशीला कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी आधी थोडं मुंबईला जाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईतले दलाल टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमत. 1875 मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली आणि पुढे सौदे होऊ लागले ते रिंगणात, ओरडून, हातांच्या खुणांनी. 1995 मध्ये मुंबईच्या शेअर बाजारात संगणक आला आणि आरडाओरडा थांबला. भाव ठरण्याची रीत मात्र तीच राहिली. एकजण म्हणतो एवढ्याला देतो, दुसरा म्हणतो एवढ्याला घेतो. जुळलं की तोच भाव.

आता पडद्यावर काय दिसतं ते बघा. आकडे नुसते समजण्यासाठी घेतो. शंभर शेअर दोनशे रुपयांना विकायला आहेत, दीडशे शेअर दोनशे एकला आणि दोनशे शेअर दोनशे तीनला. एकाला तीनशे हवेत, मिळेल त्या भावाने. तो पहिले शंभर उचलतो, मग दीडशे, आणि उरलेल्या पन्नासांसाठी त्याला दोनशे तीन मोजावे लागतात. झाला भाव तीन रुपयांनी वर! कंपनीचे कोट्यवधी शेअर घराघरांत नुसते पडून असले, तरी त्या सगळ्यांची किंमत आता दोनशे तीनने मोजली जाते. पडतानाही असंच. पुष्कळ माणसं विकतात म्हणूनच भाव पडतो असं नाही. घेणारे हात मागे घेतात, आणि थोडीशी विक्रीही भावाला खाली ओढते.

घेणारे हात मागे का घेतात, हे आपल्याच गोव्यात दिसलं.

2012 साल आठवा. सेझा गोवा ही आपल्याकडची मोठी खनिज कंपनी, तिचा शेअर मुंबईच्या बाजारात. 7 सप्टेंबरला बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि 10 तारखेला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. बातमी येताच शेअर घसरला. गंमत बघा, तो महिना पावसाचा. खाणींचं काम तेव्हा एरवीही थंडावलेलं असतं, ट्रक उभे, बार्जी धक्क्याला. त्या आठवड्यात कंपनीचं फारसं नुकसान झालंच नव्हतं. पण शेअर घेणारा पैसे मोजतो ते पुढच्या कमाईसाठी. ऑक्टोबरला मोसम सुरू व्हायचा, तोच आता सुरू होणार नाही, हे त्याने त्या दिवशीच हिशेबात धरलं. 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही खाणकाम थांबवलं.

आणि एवढ्यावरच दोष ढकलू नका. भावात आधीच बरंच काही शिरलेलं होतं. आपलं खनिज कमी प्रतीचं. पूर्वी टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यात पडायचं, तेच चीनने उचलायला सुरुवात केली तेव्हा या धंद्याला सोन्याचे दिवस आले. 2012 च्या सप्टेंबरात मात्र चीनची मागणी मंदावून जगातला लोहखनिजाचा भाव टनाला नव्वद डॉलरच्या आसपास उतरला होता. दीड वर्षापूर्वी तो जवळपास दुप्पट होता. त्यात निर्यातीवर सरकारने 30 टक्के कर बसवलेला, आणि कर्नाटकातल्या खाणी 2011 पासून अडकलेल्या. म्हणजे बंदीची बातमी आली ती आधीच दमलेल्या शेअरवर. वाईट बातमी बाजाराला अगोदर कळलेली असेल, तर ती जाहीर झाल्यावर शेअर कधी कधी हलतही नाही. आणि नफा वाढला तरी शेअर पडतो, कारण लोकांनी त्याहून जास्त धरलेला असतो. अशा वेळी पेपरात "नफ्यानंतरही घसरण" असं छापून येतं आणि आपण डोकं खाजवतो.

पुढे 2013 मध्ये सेझा गोवा आणि धातूंच्या धंद्यातली स्टरलाइट या कंपन्या एकत्र झाल्या. 2015 पासून तिचं नाव वेदांता. जस्त, तेल, ॲल्युमिनियम, सगळं एका छपराखाली आलं. मग 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि मार्चच्या मध्यापासून काम थांबलं. डिचोलीतल्या ट्रकवाल्याला हा धक्का पहिल्याइतकाच पुरा बसला, बँकेचा हप्ता काही थांबत नाही. शेअर घेणाऱ्याच्या हिशेबात मात्र गोव्याचं लोखंड आता त्या कंपनीचा एक लहान कोपरा होता.