डोक्याला मार लागलेल्या मुलाची चाचणी पुन्हा पुन्हा का घेतात?

लहान मुलाचा मेंदू लवचिक असतो, तो सगळं भरून काढतो, ही समजूत बरीच जुनी आहे. तिला बळ मिळालं ते १९३० च्या दशकात येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांमुळे. मेंदूला झालेली तशीच इजा प्रौढ माकडांपेक्षा पिल्लांना कमी जाणवली. पण काही दोष पिल्लू मोठं झाल्यावर दिसू लागतात, हेही केनार्ड यांनी नोंदवलं होतं. दुर्दैवाने लक्षात राहिला तो पहिलाच भाग.

मुलांच्या बाबतीत चित्र स्पष्ट केलं ते मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या आणि १९८०-८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने. त्यांनी तुलनेसाठी हाड मोडलेली मुलं घेतली, म्हणजे अपघात आणि रुग्णालय दोघांच्याही वाट्याला आलेलं, पण डोक्याला मार मात्र नाही. माराची तीव्रता त्यांनी अपघातानंतर सलग आठवण राहू लागेपर्यंत किती काळ गेला यावरून मोजली. हा काळ ७ दिवस किंवा अधिक असलेल्या मुलांचे बुद्धिमापन चाचणीतले गुण सुरुवातीला घसरले आणि मुख्यतः पहिल्या वर्षात सुधारले. सौम्य मार लागलेल्यांचेही गुण कमी होते, पण ते महिन्यांमागून महिने तसेच राहिले. म्हणजे ती उणीव बहुधा अपघाताआधीचीच होती. एकाच चाचणीवरून हा फरक कधीच कळला नसता.

पण पुन्हा चाचणी घ्यायची तर सरावाचा प्रश्न येतो. १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची आणि दर वेळी आठवतील तितके शब्द सांगायला लावायचे, ही आंद्रे रे यांची जुनी पद्धत अजून वापरात आहे. समजा, नऊ वर्षांच्या मुलीने मार लागल्यावर तीन महिन्यांनी पाचव्या वाचनानंतर ७ शब्द सांगितले आणि सहाव्या महिन्यात त्याच यादीचे १०. घरच्यांना हायसं वाटतं. पण तितकीच कठीण नवी यादी दिली, तर ८ वरच अडते. मधले दोन शब्द बहुधा जुन्या ओळखीचे होते. म्हणून समांतर याद्या लागतात.

दुसरा चकवा वयाचा. वर्षभराने तिला आकडे ऐकून म्हणण्याच्या चाचणीत पूर्वीइतकेच गुण पडले, तर ती घसरलेली नसते, पण बरोबरीची मुलं पुढे गेलेली असतात. वयानुसार बदललेल्या गुणांची सरासरी १० असते. तिचे ८ वरून ७ वर येऊ शकतात, एकही आकडा न विसरता. अहवालात मूळ गुण आणि वयानुसारचे गुण शेजारी शेजारी नसतील, तर पालकांनी ते मागून घ्यावेत.

लक्षाचं मोजमाप आणखी नाजूक. शांत खोलीत, समोर एकच माणूस असताना मूल वीस मिनिटं छान टिकतं आणि पन्नास जणांच्या वर्गात दुसऱ्याच सूचनेला हरवतं. त्यामुळे शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली आणि चाचणीचे गुण जुळले नाहीत, तर शिक्षक अतिशयोक्ती करताहेत असं धरून चालू नये.