वॉर्डातल्या सगळ्यांचा श्वास अठराच कसा?

मेडिसिन वॉर्डातला कुठलाही टीपीआर चार्ट उघडा. ताप, नाडी आणि रक्तदाबाचे आकडे वरखाली होताना दिसतात. मिनिटाला किती श्वास ते लिहायच्या श्वसनाच्या रकान्यात मात्र १८, २०, १८, १८, २० अशी एकसुरी रांग असते. न्यूमोनियाने दाखल झालेले आजोबा १८, शेजारी हर्नियाच्या ऑपरेशनची वाट पाहणारा तरुण १८, आणि पलीकडे ऑक्सिजनवर असलेली बाई २०. नर्सिंग मॅनेजमेंटच्या वर्गात नोंदींचे ऑडिट शिकवायला मी हाच रकाना निवडते. हा रकाना नेहमी भरलेला असतो, म्हणून नुसते ‘नोंद आहे की नाही’ पाहणारे ऑडिट त्याला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे होते. पेशंट खालावू लागला की बहुतेक वेळा श्वासाची गती आधी वाढते आणि रक्तदाब मागाहून घसरतो. आपल्याला हवी असलेली पहिली सूचना या रकान्यातच येते.

शिकण्यापुरते एक उदाहरण घेऊ. ३० पेशंटचा एक मेडिसिन वॉर्ड आहे आणि दर सहा तासांनी ऑब्झर्व्हेशन घ्यायची ऑर्डर आहे. ऑडिट करणारी सिस्टर दुसऱ्या वॉर्डातली आहे.

पहिले काम निकष लिहिण्याचे. ‘श्वसनाची नोंद नीट ठेवलेली आहे’ हा निकष होऊ शकत नाही, कारण ‘नीट’ म्हणजे काय ते प्रत्येकीच्या मनात वेगळे असते. निकष असा हवा, की दोन सिस्टरांनी एकमेकींशी न बोलता तीच फाइल पाहिली तर दोघींचे उत्तर एकच यावे. आणि त्याचे उत्तर कागदावर सापडले पाहिजे. ‘श्वास पूर्ण मिनिटभर मोजला’ हे कागद कधीच सांगणार नाही, तेव्हा कागदाच्या ऑडिटमध्ये त्याला जागा नाही. आपल्या वॉर्डासाठी तीन निकष पुरतात. एक, त्या दिवसाच्या चारही वेळच्या नोंदी आहेत. दोन, प्रत्येक नोंदीजवळ सही आणि प्रत्यक्ष मोजल्याची वेळ आहे. तीन, आकडा २० च्या वर किंवा १२ च्या खाली असेल तर तासाभरात काय केले ते लिहिले आहे, म्हणजे पुन्हा मोजले की डॉक्टरांना कळवले.

दुसऱ्या निकषात ‘प्रत्यक्ष’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. बऱ्याच चार्टवर ६, १२, ६, १२ अशा वेळा आधीच छापलेल्या असतात. सहाच्या रकान्यातला आकडा सहाला मोजला की साडेसातला, हे अशा चार्टवरून कुणालाच कळत नाही. अशा वेळी सिस्टरला दोष देण्यात अर्थ नसतो. चार्टच बदलायला हवा.

आता फाइली कोणत्या घ्यायच्या? टेबलावर वरच असलेल्या घेतल्या तर त्या बहुधा नुकताच राऊंड झालेल्या, म्हणून नीट लावलेल्या असतात. इन्चार्ज सिस्टरला ‘द्या दहा फाइली’ म्हटले तर ती, अगदी प्रामाणिकपणेसुद्धा, बऱ्या दिसणाऱ्या देते. डिस्चार्ज झालेल्यांच्या फाइली मेडिकल रेकॉर्डला जाण्यापूर्वी पूर्ण केल्या जातात, त्यामुळे त्यांत मागाहून भरलेल्या सह्या मिसळलेल्या असतात. म्हणून सध्या दाखल असलेल्यांच्याच फाइली घ्याव्यात आणि त्याही यादीवरून. अॅडमिशन रजिस्टरवरून त्या त्या दिवशी वॉर्डात चोवीस तास पूर्ण झालेल्यांची यादी करायची, आठवड्याचा वार चिठ्ठी टाकून ठरवायचा आणि यादीतला ठरावीक अंतराने येणारा पेशंट घ्यायचा, पहिला आकडाही चिठ्ठीनेच. असे महिनाभर केले की ३० फाइली जमतात आणि त्यांत नाइट ड्यूटी आपोआप येते, रविवारही येऊ शकतो. एका पेशंटचा एकच दिवस घ्यायचा. एकाच फाइलीतले पाच दिवस घेतले तर नोंदी वाढतात, पण त्याच दोन-तीन जणींच्या हातच्या असतात, त्यामुळे माहितीत फारशी भर पडत नाही.

समजा या ३० फाइलींपैकी २७ मध्ये चारही नोंदी सापडल्या आणि २४ मध्ये सही व वेळ दोन्ही. म्हणजे दुसऱ्या निकषावर ८० टक्के. हा आकडा फळ्यावर लिहिण्याआधी थोडे थांबायला हवे. ३० मधल्या २४ वरून संपूर्ण वॉर्डाबद्दल बोलायचे तर खरा आकडा साधारण ६३ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. पुढच्या महिन्यात ७३ टक्के आले तर ‘वॉर्ड घसरला’ म्हणता येणार नाही, आणि ८७ आले तर पेढे वाटण्याचेही कारण नाही. असे चढउतार नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळानेही होतात. पण ४० टक्के आले असते तर ३० फाइली भरपूर होत्या, कारण ढोबळ दोष छोट्या नमुन्यातही दिसतोच.

तिसऱ्या निकषाशी मात्र नेहमी घोटाळा होतो आणि तो निव्वळ अंकगणिताचा असतो. ३० पैकी चारच पेशंटचे आकडे २० च्या वर होते, १२ च्या खाली कुणाचाच नव्हता. त्या चारपैकी एकाच्याच बाबतीत पुढची कृती लिहिली होती. उरलेल्या २६ जणांना निकष लागूच होत नाही. पण फॉर्मवर ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोनच चौकटी असल्या तर हात ‘हो’ वर जातो. मग हिशेब होतो ३० पैकी २७, म्हणजे ९० टक्के. खरा हिशेब आहे चारपैकी एक, म्हणजे २५ टक्के. ‘लागू नाही’ ही तिसरी चौकट आणि तिला छेदातून वगळण्याचा नियम एवढ्यानेच ९० चे २५ होतात. अर्थात चार पेशंटवरून फार काही ठरवू नये. या निकषासाठी वेगळा नमुना लागतो. महिनाभरात ज्यांना ऑक्सिजन लागला किंवा जे आयसीयूत हलवले, अशा सगळ्यांच्या आधीच्या चोवीस तासांच्या फाइली पाहाव्यात.

आता मूळ कोड्याकडे येऊ. ३० पेशंटच्या चार-चार अशा १२० वेळांच्या नोंदी हव्या होत्या, त्यांतल्या ११६ सापडल्या. ऑडिट करणाऱ्या सिस्टरने नुसत्या खुणा न करता आकडेही उतरवून घेतले आणि प्रत्येक आकडा किती वेळा आला ते मोजले. १८ आला ५२ वेळा, २० आला ३९ वेळा, १६ आला ११ वेळा. उरलेल्या १४ नोंदी २२, २४ आणि २८ च्या, आणि त्या सगळ्या त्या चार पेशंटच्याच. विषम आकडा एकही नाही.

विषम आकडा नसणे हा गुन्हा नव्हे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले की उत्तर समच येणार. पाव मिनिट मोजून चौपट केले तर १६, २०, २४ असे चारच्या पाढ्यातलेच आकडे येऊ शकतात. तसे मोजून १८ कधीच येत नाही. म्हणजे १८ लिहिणारीने एक तर अर्धा किंवा पूर्ण मिनिट मोजले असणार, नाही तर मोजलेच नसणार. ५२ वेळा १८ पण १४ एकदाही नाही, असे खरोखर मोजलेल्या माणसांत घडत नाही. आजाऱ्यांच्या श्वासाची गती इतकी एका जागी गोळा होत नसते. हा आकडा मोजण्याचा नसून सवयीचा आहे, असा दाट संशय घ्यायला ही मांडणी पुरते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. एकेका नोंदीबद्दल तर यावरून काहीच म्हणता येत नाही, कारण त्या ५२ मधले काही १८ अगदी खरे असणारच.

खात्रीसाठी खाटेजवळच जावे लागते. नोंद झाल्यावर पंधरा मिनिटांच्या आत ऑडिट करणाऱ्या सिस्टरने दहा पेशंटचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. मनगट धरून नाडी पाहत असल्यासारखे उभे राहायचे, कारण श्वास मोजला जातोय हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. एक-दोनचा फरक सोडून द्यायचा. आपल्या उदाहरणात समजा दहापैकी सहा ठिकाणी चार किंवा जास्त फरक निघाला. एका पेशंटच्या चार्टवर २० होते आणि मोजले तर २७ आले. ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘न्यूज २’ या धोकासूचक गुणपद्धतीत २० ला शून्य गुण आहे, २१ ते २४ ला दोन आणि २५ पासून पुढे तीन. त्या पद्धतीत एकाच घटकाला तीन गुण मिळाले की पेशंटला तातडीने पाहायला लावतात. आपल्या पेशंटच्या कागदावर मात्र शून्य होते.

हे वॉर्डाला सांगायचे कसे? ऑडिट आणि फीडबॅक यांच्यावर झालेल्या १४० चाचण्यांचा, वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला. कामातली मध्यक सुधारणा ४.३ टक्क्यांची निघाली, पण पाव अभ्यासांत ती १६ टक्के किंवा अधिक होती आणि पाव अभ्यासांत जवळजवळ शून्य. मूळ कामगिरी कमी असते, फीडबॅक वरिष्ठ किंवा सहकारी देतात, तो एकदाच देऊन थांबत नाहीत, तोंडीही देतात आणि लेखीही, आणि त्यासोबत ठरलेले लक्ष्य व पुढे काय करायचे ते असते, तेव्हा फायदा जास्त होतो. तीन महिन्यांनी मेट्रनच्या सहीने आलेल्या परिपत्रकात यातले जवळजवळ काहीच नसते.

म्हणून मी विद्यार्थिनींना सांगते, की आठवड्याच्या आत, ड्यूटी बदलताना ओव्हरच्या वेळी, तिन्ही ड्यूट्यांना, कोणता आकडा किती वेळा आला त्याचा उभ्या दांड्यांचा तक्ता दाखवा. त्यावर नावे नकोत. १८ वरचा उंच दांडा सगळ्यांनाच काय ते सांगून जातो. आणि मग विचारा, ‘मोजताना अडतं कुठे?’ उत्तरे अगदी साधी येतात. हात धुण्याच्या नियमामुळे मनगटी घड्याळ काढून ठेवले आहे आणि भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटा नाही. नाइटला दोघींवर ३० पेशंट आहेत आणि प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजायचा तर निव्वळ मोजण्यातच अर्धा तास जातो. पहिल्या अडचणीवर गणवेशाला अडकवायचे घड्याळ हा उपाय झाला. दुसरी अडचण सिस्टरच्या हातातली नाही. ती ऑडिटच्या अहवालात मनुष्यबळाच्या मागणीसोबत अर्ध्या तासाच्या हिशेबासह वर गेलीच पाहिजे. तोवर ऑक्सिजनवर असलेले, तापलेले आणि आयसीयूतून परत आलेले एवढ्यांचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा, असे वॉर्डाने ठरवता येते. लक्ष्यही वॉर्डातल्यांनीच ठरवावे. उदाहरणार्थ, महिन्याभरात खाटेजवळच्या तपासणीत दहापैकी आठ आकडे दोनच्या फरकात यावेत.

महिन्याने पुन्हा ऑडिट करायचे. निकष तेच, नमुन्याची पद्धत तीच, चिठ्ठ्या नव्या. या वेळी चार्टवर १७ आणि १९ दिसू लागतात. हे मोजू लागल्याचे लक्षण असू शकते, किंवा ‘विषम आकडा हवा असतो’ एवढेच पोचले असेल. तक्त्यावर दोन्ही सारखेच दिसते. फरक कळतो तो दहा खाटांपाशी उभे राहून पुन्हा मोजल्यावर, आणि न्यूमोनियाच्या आजोबांच्या चार्टवर या वेळी २६ लिहून त्याखाली ‘डॉक्टरांना कळवले, ६.२०’ अशी ओळ आहे का, हे पाहिल्यावर.