जर्मनीच्या प्रवेशासाठी सीजीपीए बदलताना कुठे अडतं: किमान उत्तीर्ण गुणाचं पत्र आणि १५ जुलैची तारीख

सांगली-साताऱ्यातून जर्मनीत एमएससाठी अर्ज करणाऱ्या मुलांचे कागद दरवर्षी जवळपास त्याच ठिकाणी अडकतात. पासपोर्ट असतो, मार्कशीट असतात, भाषेच्या परीक्षेचा निकालही असतो. नसतो तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा एक साधा कागद. पदवी उत्तीर्ण होण्यासाठी कमीत कमी किती सीजीपीए लागतो आणि जास्तीत जास्त किती मिळू शकतो, एवढंच त्यावर लिहायचं असतं. तो कागद नसला की समोरचा अधिकारी आपल्या अंदाजाने आकडा धरतो आणि तुमची श्रेणी त्यावर ठरते.

आधी क्रम एकदा पाहून घ्या. भारतातल्या अर्जदारांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं. तुमची कागदपत्रं खरी आहेत की नाहीत, हे तिथे तपासतात. शुल्क १८,००० रुपये. एपीएस गुण बदलून देत नाही, त्यामुळे ‘एपीएस आलं, म्हणजे ग्रेड ठरली’ हा समज मनातून काढून टाका. गुणांचं काम पुढच्या टप्प्यावर होतं. काही विद्यापीठं ते स्वतः करतात, तर काही युनि-असिस्ट या संस्थेकडून व्हीपीडी नावाचा प्राथमिक तपासणीचा दाखला मागवतात. त्या दाखल्यावर तुमची जर्मन श्रेणी लिहिलेली असते आणि तो दाखला जोडून विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करायचा असतो. युनि-असिस्टचं शुल्क एका हंगामात पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो आहे. पैसे जमा होईपर्यंत ते फाईल हातात घेत नाहीत.

जर्मन श्रेणी आपल्याकडच्यापेक्षा उलटी चालते. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, त्यापुढे नापास. रूपांतरासाठी बहुतेक ठिकाणी हे सूत्र वापरतात:

```
x = 1 + 3 * (Nmax - Nd) / (Nmax - Nmin)
```

Nd म्हणजे तुम्हाला मिळालेले गुण, Nmax म्हणजे त्या पद्धतीत मिळू शकणारे सर्वाधिक गुण आणि Nmin म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण. Nmax हा टॉपरचा सीजीपीए नव्हे. दहाच्या पद्धतीत तो १०च असतो, भले तुमच्या बॅचमध्ये कुणालाच ९.५च्या वर मिळालेले नसोत. तुमच्या हातात Nd आहे, Nmax उघड आहे. अडतं ते Nmin वर.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा सीजीपीए ७.४६ आहे. त्याला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाची अट ‘२.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी’ अशी आहे आणि ही अट जर्मनीत बऱ्याच ठिकाणी दिसते. दहातून ७.४६ वजा केले की २.५४ उरतात. किमान ४ धरला तर भागायचे ६ ने. २.५४ भागिले ६ म्हणजे ०.४२३, गुणिले ३ म्हणजे १.२७, अधिक १, उत्तर २.२७. किमान ५ धरला तर भागायचे ५ ने आणि उत्तर येतं २.५२. बऱ्याच ठिकाणी पहिलाच दशांश घेतात, पुढचा आकडा पूर्णांकित न करता सोडून देतात. म्हणजे पहिल्या हिशोबात २.२ आणि दुसऱ्यात २.५. दुसऱ्या हिशोबात मुलगा अगदी उंबऱ्यावर येऊन उभा राहतो, आणि एखाद्या ठिकाणी दुसरा दशांशही धरत असतील तर २.५२ वर तो बाहेर पडतो. मुलगा तोच, मार्कशीट तीच. बदलला तो फक्त समोरच्याने धरलेला किमान आकडा.

आता तिसरी वाट पाहा, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथे फसतात. कुणीतरी सांगतं, सीजीपीएचं टक्केवारीत रूपांतर केल्याचं प्रमाणपत्र काढून ठेव, उपयोगी पडतं. समजा त्या विद्यार्थ्याच्या विद्यापीठाचं सूत्र ‘सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणा’ असं आहे. ७.४६ चे ६७.१ टक्के झाले. हेच टक्के ४० ही किमान मर्यादा धरून वरच्या सूत्रात घातले, तर १०० वजा ६७.१ म्हणजे ३२.९, भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.६४. अट होती २.५. हे प्रमाणपत्र त्याने हौसेने, रांगेत उभं राहून, पैसे भरून काढलेलं असतं आणि त्याच कागदाने त्याचा अर्ज मागे पडतो. सीजीपीएची मार्कशीट असेल तर ती दहाच्याच मापात जाऊ द्या. टक्केवारीचं प्रमाणपत्र एखाद्या विद्यापीठाने लेखी मागितलं तरच जोडा.

मग किमान ४ की ५? इथे सरसकट उत्तर नाही. यूजीसीच्या दहा गुणांच्या पद्धतीत पी म्हणजे उत्तीर्ण या श्रेणीला ४ गुण आहेत, पण ते एका विषयापुरते. पूर्ण पदवीसाठी किमान सीजीपीए किती हवा, याचा नियम विद्यापीठ आणि अभ्यासक्रम पाहून बदलू शकतो. मार्कशीटच्या मागे श्रेणींचा तक्ता असेल तर तो नीट वाचा आणि मागची बाजूही स्कॅन करा. पुढची बाजू अपलोड करून मागची विसरणारे कितीतरी आहेत, आणि नेमका तोच तक्ता समोरच्याला हवा असतो.

तक्ता नसेल किंवा पदवीचा नियम त्यात स्पष्ट नसेल, तर पत्र काढावं लागतं. खिडकीवर ‘मार्कशीटवर सगळं असतं की, वेगळं पत्र कशाला?’ हे उत्तर मिळणार, त्याची तयारी ठेवा. जर्मनीतला अधिकारी आपला अध्यादेश वाचत बसत नाही, हे त्या खिडकीला कधी तरी कळायला हवं. पण तुम्हाला त्यासाठी थांबता येणार नाही. ‘ग्रेडिंगचं सर्टिफिकेट द्या’ असं मोघम मागितलं तर हमखास टक्केवारीचं प्रमाणपत्रच हातात पडतं. म्हणून अर्जातच लिहून द्या की पत्रावर तुमचं नाव, पीआरएन क्रमांक, मिळालेला सीजीपीए, पद्धतीतला कमाल गुण १० आणि पदवी उत्तीर्ण होण्यासाठी लागणारा किमान सीजीपीए एवढं असावं. पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्का आणि तारखेसह. ज्या नियमावरून तो किमान आकडा आला त्याचा क्रमांक लिहून मिळाला तर उत्तम, कारण मग त्या आकड्यावर शंका घ्यायला जागा राहत नाही. नियमात ५ असेल तर पत्रात ५च येईल. तो ४ करून घेण्यासाठी कुणाच्या मागे लागू नका. खोटा आकडा तपासणीत सापडला तर प्रश्न एका अर्जापुरता राहत नाही.

पत्र कुठून काढायचं यातही घोळ होतो. कॉलेज सांगलीत किंवा साताऱ्यात आहे म्हणून विद्यापीठ कोल्हापूरचंच असेल असं धरून चालू नका. शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर कोल्हापूरला जायचं. आपल्या भागातली काही अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांचं पत्र रायगड जिल्ह्यातून येणार, तेव्हा त्या खेपेचे दिवस वेगळे धरा. स्वायत्त महाविद्यालयात मार्कशीट कॉलेजची आणि पदवी विद्यापीठाची असते. तिथे पत्र कॉलेजच्या परीक्षा नियंत्रकांचं की विद्यापीठाचं, हे आधी विचारून मग निघा. पदवी प्रमाणपत्रावर वर कुणाचं नाव आहे ते पाहिलं की निम्मा प्रश्न सुटतो.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांचं आणखी एक. त्यांच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये सहाच सत्रं असतात. नुसतीच ती पाठवली तर पहिलं वर्ष कुठे गेलं, असा प्रश्न समोरच्याला पडतोच. बारावीची मार्कशीट नसतेच, म्हणून दहावीनंतर तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोम्याच्या सगळ्या सत्रांच्या मार्कशीट आणि डिप्लोमा प्रमाणपत्र जोडा.

आता तारीख. हिवाळी सत्रासाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत १५ जुलै असते. मुलं १० जुलैला युनि-असिस्टकडे अर्ज टाकतात आणि पाच दिवस हातात आहेत असं समजतात. पण जिथे व्हीपीडी लागतो तिथे १५ जुलैपर्यंत तयार व्हीपीडी विद्यापीठाकडे पोचलेला असावा लागतो, आणि कागद पूर्ण असले तरी तो यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. गर्दीच्या दिवसांत त्याहून जास्त. म्हणजे युनि-असिस्टकडचं काम मेच्या मध्यापर्यंत आटोपलेलं हवं. त्याच्या आधी एपीएस हातात हवं, आणि त्याच्याही आधी विद्यापीठाचं पत्र. उलट मोजत गेलात तर परीक्षा विभागाची पहिली खेप जानेवारीत येते. काही विद्यापीठांची मुदत १५ जुलैच्याही आधी संपते, तेव्हा अभ्यासक्रमाच्या पानावरची तारीखच खरी माना.

नावाचं एका ओळीत: मार्कशीटवर ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ आणि पासपोर्टवर वेगळा क्रम असेल तर अर्जात पासपोर्टप्रमाणे लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

व्हीपीडी आल्यावर श्रेणी बघून पान बंद करू नका. किमान किती धरला ते उलट्या हिशोबाने कळतं. आलेल्या श्रेणीतून १ वजा करा, उरलेल्याला ३ ने भागा आणि तुमच्या ‘१० वजा सीजीपीए’ या आकड्याला त्या उत्तराने भागा. वरच्या उदाहरणात व्हीपीडीवर २.५ आले, तर १.५ भागिले ३ म्हणजे ०.५, आणि २.५४ भागिले ०.५ म्हणजे ५.०८. उत्तर ५च्या आसपास आलं म्हणजे किमान ५ धरलेला आहे. ६च्या आसपास आलं तर किमान ४. दशांश सोडून दिल्यामुळे उत्तर थोडं पुढे सरकतं, २.२ आल्यास ६.३५ दिसेल, ते ६च समजा. पाचच्याही खाली आलं तर मात्र काहीतरी वेगळंच झालंय, बहुधा टक्केवारीचा कागद मध्ये आला असावा. तुमच्या पत्रातला किमान आकडा आणि हा आकडा जुळत नसेल तर त्याच दिवशी पत्राची प्रत जोडून युनि-असिस्टला लिहा आणि हिशोब त्यात मांडून दाखवा.