जोखीम समितीचं इतिवृत्त: रेटिंग बदललं, तर कारण कुठे आहे?
कंपनी सेक्रेटरी कार्यालयाकडून आपल्या ग्राहक कंपन्यांसाठी माहितीपत्रक

संचालक मंडळाच्या जोखीम समितीची बैठक झाली की दोन-चार दिवसांत आमच्याकडे कच्चे मुद्दे येतात. त्यात बहुतेक वेळा एक वाक्य असतं: "जोखीम रजिस्टरचा आढावा घेतला व सुचवलेले बदल मंजूर केले." हे वाक्य आम्ही परत पाठवतो. कोणत्या जोखमीचं रेटिंग बदललं, किती होतं, किती झालं, कशाच्या आधारावर आणि पुढचं काम कोणाकडे, यातलं काहीच त्यातून कळत नाही. सहा महिन्यांनी तुमच्याच समितीला ते वाचून काही उमगणार नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना अशी समिती सेबीच्या नियमांनुसार सक्तीची आहे. आमचे बहुतेक ग्राहक त्यात बसत नाहीत. त्यांनी समिती नेमली ती बँकेने किंवा मोठ्या ग्राहकाने विचारलं म्हणून, किंवा स्वतःला गरज वाटली म्हणून. पण समिती ऐच्छिक असली तरी तिचं इतिवृत्त ऐच्छिक नसतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम ११८ संचालक मंडळाच्या प्रत्येक समितीला लागू होतं.

कसं लिहायचं ते एका उदाहरणावरून सांगतो. कंपनी आणि तिचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, रस्ता आणि नदी मात्र खरी आहे.

गोकुळ शिरगावची फाउंड्री

कोल्हापूरच्या दक्षिणेला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एक फाउंड्री आहे असं समजा. माल जातो पुण्याकडे, चाकणच्या एका वाहन कंपनीला, रोज ८०० कास्टिंग. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीच्या अलीकडे पंचगंगा ओलांडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. कारखाना कोरडा, भट्टी चालू, माल तयार, आणि ट्रक मात्र नदीच्या या बाजूला. म्हणून कंपनीने रजिस्टरमध्ये एक ओळ घातली: "पुरामुळे पुण्याकडचा रस्ता बंद होऊन पुरवठा खंडित होणे."

रेटिंग दोन आकड्यांच्या गुणाकाराने काढतात. एक शक्यता, दुसरा परिणाम, दोन्ही १ ते ५. शक्यता ४ धरली, कारण तीन पावसाळ्यांत दोनदा रस्ता बंद झाला होता. परिणामाची मोजपट्टी कंपनीने स्वतः ठरवली होती: ग्राहकाची लाइन पाच दिवसांपेक्षा जास्त थांबली तर ५, तीन ते पाच दिवस थांबली तर ४, न थांबता फक्त जादा खर्च झाला तर २. रस्ता आठ दिवस बंद राहील असं गृहीत धरलं. म्हणून परिणाम ५ आणि रेटिंग २०. कंपनीच्या धोरणानुसार १५ किंवा त्यावरची जोखीम लाल. ती दर तिमाहीला पूर्ण संचालक मंडळापुढे जाते.

उपाय म्हणून शिरवळला गोदाम भाड्याने घेतलं. तिथे दहा दिवसांचा माल, म्हणजे ८,००० कास्टिंग, कायम ठेवायचं ठरलं. शिरवळ नदीच्या पुण्याकडच्या बाजूला आहे, म्हणून ही जागा.

मार्चमधल्या बैठकीत प्लांटकडून प्रस्ताव आला: शक्यता ४ वरून २, परिणाम ५ वरून २, रेटिंग २० वरून ४. लाल जोखीम एका फटक्यात हिरवी.

समितीने काय विचारलं

पहिला प्रश्न शक्यतेचा. ती का कमी केली? उत्तर आलं की गोदाम झालं आहे आणि मागचे दोन पावसाळे रस्ता बंद पडला नाही. पण गोदाम घेतल्याने पंचगंगेचं पाणी कमी होत नाही. गोदाम पुराचा परिणाम कमी करतं, पुराची शक्यता नाही. ही गल्लत आम्हाला जवळजवळ प्रत्येक रजिस्टरमध्ये दिसते. उपाय कोणत्या आकड्यावर काम करतो हे न पाहता दोन्ही आकडे खाली आणले जातात. दोन कोरडे पावसाळेही पुरेसं कारण नाही. रस्ता उंच झाला किंवा दुसरा कायमचा मार्ग तयार झाला, तर शक्यतेवर बोलता येईल. समितीने शक्यता ४ च ठेवली.

दुसरा प्रश्न एका स्वतंत्र संचालकांनी विचारला: "शिरवळला आज किती माल आहे?" प्रस्तावाला गोदामाचा भाडेकरार जोडला होता, मालाची मोजणी जोडलेली नव्हती. डिस्पॅच मॅनेजरनी फोन करून फेब्रुवारीअखेरची मोजणीची शीट मागवली. त्यात ३,४०० नग होते. रोज ८०० च्या हिशेबाने हे चार दिवसांना थोडे जास्त पुरतात. रस्ता आठ दिवस बंद राहिला तर ग्राहकाची लाइन सुमारे चार दिवस थांबणार. मोजपट्टीनुसार परिणाम ४.

म्हणजे रेटिंग १६. प्रस्तावातल्या ४ ऐवजी १६, आणि जोखीम लालच राहिली. हे नुसतं आकड्यांचं भांडण नाही. ४ मंजूर झाले असते तर ही ओळ पुढच्या तिमाहीत संचालक मंडळापुढे आलीच नसती आणि जूनमध्ये गोदाम निम्म्याहून जास्त रिकामं असतं.

तिसरा प्रश्न: माल कमी का? रजिस्टरमध्ये जबाबदारीच्या रकान्यात "उत्पादन / स्टोअर्स / डिस्पॅच" असं लिहिलं होतं. तीन विभागांचं नाव असलं की काम कोणाचंच नसतं. पण खोलवर गेल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. जानेवारीत खेळतं भांडवल आखडलं, म्हणून वित्त विभागाने तयार मालाचा साठा वाढवायला मनाई केली होती. डिस्पॅच मॅनेजर जबाबदार म्हणून उभे होते, पण साठा वाढवायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्या नावावर उपाय टाकला, तर तो माणूस मेहनती असूनही उपाय अडतो. म्हणून समितीने जबाबदारी प्लांट हेडकडे दिली आणि ८,००० नगांच्या साठ्याला लागणाऱ्या पैशांना त्याच बैठकीत वित्तप्रमुखांची संमती नोंदवली.

हे इतिवृत्तात असं उतरतं

"जोखीम क्र. ७, पुरामुळे पुण्याकडील पुरवठा खंडित होणे. व्यवस्थापनाने रेटिंग २० वरून ४ करण्याचा प्रस्ताव मांडला. शिरवळ गोदामामुळे परिणाम कमी होतो, शक्यता बदलत नाही, असे समितीचे मत झाले. फेब्रुवारीअखेरच्या मोजणीनुसार साठा ३,४०० नग असून ठरलेला साठा ८,००० नग आहे. समितीने शक्यता ४ कायम ठेवली, परिणाम ५ वरून ४ केला, रेटिंग १६ मंजूर केले. साठा ३१ मेपूर्वी ८,००० नगांवर नेण्याची जबाबदारी प्लांट हेड यांची राहील. साठ्याच्या खर्चास वित्तप्रमुखांनी संमती दिली. मोजणीची पडताळणी अंतर्गत लेखापरीक्षक जूनच्या पहिल्या आठवड्यात करतील व अहवाल पुढील बैठकीत ठेवतील."

एवढंच. कोण कोणाला काय म्हणालं, फोनवर किती वेळ गेला, कोण नाराज झालं, हे इतिवृत्तात येत नाही. निर्णय आणि त्याचं कारण येतं. एखाद्या सदस्याचा विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवावा लागतो. तो गाळायला कोणी सांगितलं तरी आम्ही गाळत नाही.

पडताळणी प्लांट हेडकडे नाही, लेखापरीक्षकांकडे आहे, हे लक्षात घ्या. उपाय करणारा आणि तो झाला का हे पाहणारा, ही दोन माणसं वेगळी हवीत. जबाबदारीच्या रकान्यात पद आणि नाव दोन्ही लिहा. माणूस नोकरी सोडून गेला तर पुढच्या बैठकीत नव्या नावाची नोंद करा, नाहीतर वर्षभर गेलेल्या माणसाच्या नावावर काम पडून राहतं.

रजिस्टरची प्रत गोठवा

आमच्या कामात सगळ्यात त्रास झालेली गोष्ट ही. एका ग्राहकाचं रजिस्टर एक्सेलच्या एकाच फाइलमध्ये होतं आणि दर बैठकीनंतर तीच फाइल बदलली जायची. बँकेने दीड वर्षापूर्वीच्या एका रेटिंगचा आधार मागितला. इतिवृत्तात "रजिस्टरप्रमाणे" लिहिलेलं होतं आणि ते रजिस्टर जगात कुठेच उरलं नव्हतं. ईमेलमधून जुनी जोडपत्रं शोधण्यात आमचे आणि त्यांचे तीन दिवस गेले.

म्हणून बैठकीपुढे ठेवलेली प्रत आणि बैठकीत मंजूर झालेली प्रत, दोन्ही पीडीएफ करून तारीख आणि आवृत्ती क्रमांकासह ठेवा. इतिवृत्तात त्याच क्रमांकाचा उल्लेख करा. चालू कामाची एक्सेल फाइल वेगळी राहू द्या.

मुदती

बैठक संपल्यापासून १५ दिवसांत मसुदा सर्व सदस्यांकडे गेला पाहिजे. त्यांना हरकती कळवायला सात दिवस मिळतात. ३० दिवसांच्या आत इतिवृत्त समितीच्या स्वतंत्र इतिवृत्त पुस्तकात नोंदलं गेलं पाहिजे. अध्यक्ष प्रत्येक पानावर छोटी सही करतात, शेवटच्या पानावर पूर्ण सही आणि तारीख. एकदा नोंद झाली की परस्पर दुरुस्ती करता येत नाही. चूक सापडली तर ती पुढच्या बैठकीत रीतसर मंजुरीनेच बदलते. कसूर झाली तर कंपनीला २५,००० रुपये आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे. फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर तुरुंगवासही होऊ शकतो. "रेटिंगचा आकडा नंतर बदलून द्या" असा फोन आला की आम्ही का नकार देतो, ते यावरून कळेल.

आम्हाला काय पाठवावं

बैठकीनंतर पाच दिवसांत तीन गोष्टी पाठवा: बैठकीपुढे ठेवलेल्या रजिस्टरची प्रत, बदललेल्या प्रत्येक रेटिंगमागचा कागद (वरच्या उदाहरणात मोजणीची शीट), आणि उपस्थितांची सह्यांची यादी. ज्या बदलामागे कागद नसेल त्याच्यासमोर आम्ही मसुद्यात जागा रिकामी ठेवून तुम्हाला फोन करू. ज्या जोखमींचं रेटिंग बदललं नाही त्यांची एका ओळीत यादी पुरते. लाल असूनही ज्यांवर सहा महिन्यांत काही काम झालं नाही, त्या मात्र वेगळ्या लिहा, कारण संचालक मंडळ पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारतं.