पॉमेरियन, स्पिट्झ आणि मिशांची खूण

राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या काकूंनी मला मोबाईलवर एका पिल्लाचे तीन फोटो पाठवले. “पग आणि पॉमेरियनचा क्रॉस म्हणून घेतलाय. तुला कसा वाटतो, बघून सांग.” पिल्लू चार महिन्यांचं, केस लांब, कान लोंबते, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या मिशा. त्या मिशा पाहिल्या आणि पहिल्याच फोटोवर थांबलो. त्याचं कारण सांगायचं तर या नावांच्या इतिहासात थोडं मागं जावं लागतं.

आधी पॉमेरियन. कोल्हापुरात पांढरा, झुबकेदार शेपटीचा कुत्रा दिसला की त्याला पॉमेरियन म्हणायची रीतच आहे. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पॉमेरेनिया प्रांतावरून हे नाव आलं. सुरुवातीची ही कुत्री आजच्यापेक्षा बरीच मोठी होती. राणी व्हिक्टोरियाने 1888 मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पॉमेरियन नेला, तोही साडेपाच किलोच्या आसपासचा. तिच्या आवडीमुळे इंग्लंडमध्ये लहान चणीचीच पिल्लं निवडली जाऊ लागली, आणि आज खरा पॉमेरियन साधारण दीड ते साडेतीन किलोचा असतो. पॉमेरियनच्याच घराण्यातल्या, इंग्रजांनी भारतात आणलेल्या स्पिट्झ कुत्र्यांचं मात्र वेगळं झालं. इथल्या उन्हात टिकतील अशी ती वाढवली गेली आणि त्यातून इंडियन स्पिट्झ तयार झाला. त्यातला लहान पाच ते सात किलोचा, मोठा बारा ते वीस किलोचा. परदेशातून कुत्री आणणं अवघड होतं त्या 1980-90 च्या दशकांत तो घरोघरी पोचला. ‘हम आपके हैं कौन’ मधला टफीही स्पिट्झच. जात नवी घडली, पण लोकांच्या तोंडी नाव जुनंच राहिलं.

फोटोत हा फरक ओळखायला मला फरशी फार उपयोगी पडते. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत दोन फुटी टाइल्स असतात. स्पिट्झची ठेवण चौकोनी, म्हणजे छातीपासून ढुंगणापर्यंतची लांबी आणि खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ सारखीच. एकदा एका ‘पॉमेरियन’चा बाजूने काढलेला फोटो आला. कुत्रा टाइलच्या दोन तृतीयांश भागावर उभा होता, म्हणजे चाळीस सेंटीमीटर. तो मोठा इंडियन स्पिट्झ होता, दुसरं काही असणं शक्य नव्हतं. पण फोटो वरून किंवा तोंडाजवळ मोबाईल धरून काढला असेल तर ही मोजणी फसते. नाकही आहे त्याहून लांब दिसतं. शिवाय चार-सहा महिन्यांचा खरा पॉमेरियन पिल्लाचे केस गाळतो, तेव्हा कोल्ह्यासारखा लांबोळका दिसतो आणि लोक उगाच त्याच्यावर शंका घेतात.

आता काकूंचं पिल्लू. कुत्र्याच्या केसांचे बहुतेक प्रकार मुख्यतः तीन जनुकांनी ठरतात, हे 2009 मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्यातलं एक मिशा-दाढी आणि भुवयांचं. ते प्रभावी असतं, म्हणजे आई किंवा बाप एकाकडून आलं तरी पिल्लाच्या तोंडावर दिसतं. लांब केसांचं उलटं आहे. ते साधारणपणे दोन्हीकडून यावं लागतं. पगला मिशा नाहीत, पॉमेरियनलाही नाहीत आणि स्पिट्झलाही नाहीत. नुसत्या या जातींच्या जोडीतून मिशा येणार कुठून? त्यात पगचे केस आखूड, म्हणून पग-पॉमेरियनच्या पहिल्या पिढीतली पिल्लं आखूड केसांचीच व्हायला हवीत. काकूंच्या पिल्लाचे केस लांब आणि मिशा भरघोस. सांगितलेली जोडी दोन्ही खुणांनी खोटी ठरत होती.

मिशा आहेत तर मग शिह त्झू या लांब केसांच्या, मिशावाल्या जातीचं का? इथं मी हात आखडता घेतला, कारण ल्हासा ॲप्सोलाही अशाच मिशा असतात. 1930 नंतर ही कुत्री इंग्लंडमध्ये पोचली तेव्हा दोघांनाही ॲप्सोच म्हणत होते. एकत्र उभी करून पाहिल्यावर तोंडाची ठेवण वेगळी दिसली, आणि 1934 मध्ये त्यांना वेगळं मानलं गेलं. शिह त्झूचं तोंड आखूड, डोळे मोठे आणि नाकावरचे केस वरच्या दिशेने वाढून शेवंतीसारखे पसरतात. ल्हासाचं नाक त्यामानाने लांब. पण संकर झाला की तोंडाची लांबी मधेच कुठेतरी येते आणि हा फरक पुसला जातो.

म्हणून काकूंना एवढंच लिहिलं: “काकू, आई-बापांपैकी एकजण मिशावाला आहे, शिह त्झू किंवा ल्हासा, किंवा त्यांचाच कुणी संकर. दुसरा कोण ते फोटोवरून सांगता येणार नाही. केस लांब आहेत, तेव्हा रोज विंचरा. डोळ्यांवर येणारे केस कातरून घ्या.”

काकूंचं उत्तर आलं, “ते मी आधीच बांधलेत, रबर लावून.” सोबत चौथा फोटो होता, डोक्यावर लाल रबरची शेंडी असलेला.