‘शृ…द’ मधला ‘द’ भूतकाळाचा का नाही

मँडरिन शिकणारे ‘ता शृ जुओतिएन लाय द’ (तो आला तो काल) हे वाक्य पाहून ‘द’ला भूतकाळाचा प्रत्यय समजतात आणि पुढच्या बहुतेक चुका तिथून सुरू होतात. ‘द’ मुळात काळ दाखवत नाही. ‘शृ’ आणि ‘द’ हे दोन्ही शब्द कुठून आले ते पाहिले की रचना आपोआप उलगडते.

प्राचीन चिनीत ‘शृ’चा अर्थ ‘हे’ असा होता. कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात ‘कळते ते कळते म्हणावे, कळत नाही ते कळत नाही म्हणावे’ असे सांगून शेवटी ‘शृ जृ ये’, म्हणजे ‘हेच ज्ञान’, असे येते. आधी विषय मांडायचा आणि मग ‘हे’ म्हणून त्याकडे बोट दाखवायचे, ही सवय रुळली, तसा ‘हे’चा ‘आहे’ झाला. छांगशाजवळच्या मावांगदुई इथल्या, इ.स.पू. 168 मधल्या थडग्यात रेशमावर धूमकेतूंची चित्रे सापडली. तिथल्या मजकुरात ‘शृ शृ’ असे लागोपाठ येते : पहिला ‘हे’, दुसरा ‘आहे’. एकाच शब्दाचे दोन टप्पे शेजारी शेजारी उभे आहेत, याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

‘द’ आला ‘दि’ या शब्दातून. थांग-सोंग राजघराण्यांच्या काळातल्या बोलीभाषेच्या लिखाणात तो क्रियापदानंतर येऊन ‘-लेला’, ‘जो… तो’ असा अर्थ देतो. ‘लाय द’ म्हणजे ‘आलेला’. म्हणून वरचे वाक्य मुळात ‘तो काल आलेला आहे’ असे आहे. येणे ही जुनी माहिती, ‘काल’ ही नवी.

आता विमानाचे उदाहरण घ्या. ‘ता लाय ल’ (तो आला) यातून आल्याची बातमी मिळते. ती मिळाल्यावर ‘कसा आला?’ याचे उत्तर ‘ता शृ जुओ फेइजी लाय द’, म्हणजे ‘तो आला तो विमानाने’. मराठीतली ही ‘आला तो’ची घडण इथे नेमकी कामाला येते. या उत्तरात ‘द’च्या जागी ‘ल’ टाकला तर ऐकणाऱ्याला येण्याचीच बातमी पुन्हा मिळते, कसा आला ते ठसत नाही.

नकारही इतिहासाला धरूनच चालतो. नाकारायचे असते ते ‘विमानाने’, येणे नव्हे. म्हणून ‘बु’ हा नकाराचा शब्द ‘शृ’च्या आधी लागतो : ‘ता बु शृ जुओ फेइजी लाय द’. ‘मेइ’ हा दुसरा नकार क्रिया घडल्याचेच नाकारतो, म्हणून तो ‘शृ’च्या आधी चालत नाही. होकारी वाक्यात बोलताना ‘शृ’ गळतो, नकारात गाळता येत नाही.

कर्म असेल तर बीजिंगकडे ‘द’ त्याच्या आधी येतो : ‘शुए द जोंगवेन’, म्हणजे शब्दशः ‘शिकलेली चिनी’. कर्म सर्वनाम असेल तर मात्र ‘द’ शेवटीच राहतो : ‘वो शृ जुओतिएन कानज्येन ता द’, मी त्याला पाहिले ते काल.