दार दिसलं की लगेच 'मोक्ष' नको

पुण्यातल्या आमच्या कवितावाचनाच्या बैठकीत अरुण कोलटकरांची 'जेजुरी' निघाली की कुणीतरी म्हणतंच, "दार हे मोक्षाचं प्रतीक आहे." वहीत 'दार = मोक्ष' असं लिहिलं जातं आणि वाचन तिथेच थांबतं. मला याचा खरंच त्रास होतो.

प्रतीक आपल्याला शाळेपासून माहीत आहे: वस्तू एक, तिच्यामागे ठरलेला अर्थ एक. एकाच कवितेत ओळ परत येते ते ध्रुवपद, त्यातही काही अवघड नाही. गोंधळ होतो तो आवर्ती प्रतिमेपाशी. तीच वस्तू एका कवीच्या अनेक कवितांत येते, पण दर वेळी वेगळं काम करते. तिचा अर्थ कुठल्याच एका कवितेत सापडत नाही, त्या कविता शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसायला लागतो.

१९७६ च्या या इंग्रजी संग्रहातली दारंच बघा. 'हार्ट ऑफ रुइन'मध्ये मारुतीचं देऊळ ढासळलंय. फुटक्या कौलांनी भरलेल्या दारापलीकडून पिल्लं घातलेली कुत्री सावधपणे तुमच्याकडे बघते. 'द डोअरस्टेप'मध्ये पायरी वाटलेला दगड आडवा पडलेला खांब निघतो. 'द डोअर'मधलं जड, जुनं दार एकाच बिजागरीवर लोंबकळतंय. ते कधीच चालतं झालं असतं, पण त्याच्या खांद्यावर कुणीतरी चड्डी वाळत घातलीय. 'मनोहर'मध्ये दार उघडं आहे. हेही देऊळच असणार, आत कोणता देव आहे बघू, म्हणून मनोहर डोकावतो, तर मोठ्या डोळ्यांचं वासरू त्याच्याकडे बघत असतं. तो गोठा असतो.

आता 'मोक्ष' लावून बघा. वाळत घातलेल्या चड्डीचं काय करणार? ती टाकून द्यावी लागते, आणि कवितेतला नेमका तपशील टाकावा लागतो तिथे वाचन चुकलंय असं मी खुशाल समजते.

पण चारही दारं एकत्र ठेवली की वेगळंच काही हाताला लागतं. पहिल्या आणि शेवटच्या कवितेत माणूस दाराशी दर्शनाला म्हणून येतो आणि आतून जनावर त्याच्याकडे बघतं. म्हणजे बघणारा बदलतो. मधल्या दोन कवितांत आत कुणी नाहीच, पायरीची आणि दाराचीच ओळख हलते. कुत्री आणि वासरू यांचं हे नातं एकेक कविता सुटी वाचून कधीच दिसलं नसतं.

म्हणून मी प्रत्येक दारापुढे तीनच गोष्टी लिहिते: कोण उभं आहे, कोण बघतंय, दार काय करतंय. अर्थाचा रकाना मुद्दाम ठेवत नाही. आणि ओढूनताणून भर घालत नाही. 'अ लो टेम्पल'मध्ये माणूस अंधाऱ्या देवळातून उन्हात येऊन चारमिनार सिगारेट पेटवतो. त्यालाही दाराची कविता म्हणायचा मोह होतो, पण तिथे कवीची नजर दारावर नाही, आत देव दाखवणाऱ्या काडीच्या उजेडावर आहे. ती मी दारांच्या यादीत धरत नाही.